सहाव्या दिवसाचं नाक

नाशिकच्या सिडकोत आमचं औषधांचं छोटं दुकान आहे. मी फार्मासिस्ट. काउंटरमागे उभं राहून वीस वर्षं झाली. नोव्हेंबर संपत आला की सकाळी शटर वर करताना लोखंड हाताला गार लागतं, आणि त्याच आठवड्यापासून माझ्याकडे एकच मागणी सुरू होते: "ताई, नाक मोकळं करायचं ते द्या." नाव कुणाला नको असतं, चिठ्ठी कुणी आणत नाही. मी दहा मिलीची बाटली काढून देते, माणूस पैसे देतो, स्कूटरला किक मारतो आणि जातो. ही बाटली किती दिवस वापरायची आणि डोकं कसं धरून वापरायची, या दोन गोष्टी मी कितीतरी वर्षं गिऱ्हाइकाला आपणहून सांगत नव्हते. विचारलं तर सांगायचे. माझ्याच धाकट्या भावाला मी त्या अवस्थेत पाहिलं नसतं, तर कदाचित अजूनही असंच चाललं असतं.

तो निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. निफाडची थंडी नाशिककरांना सांगायला नको. पारा उतरला की बातमीत पहिलं नाव तिथलंच येतं. डिसेंबरच्या दहा तारखेच्या सुमारास त्याला सर्दी झाली. पहाटे बागेत धुकं, वर फवारणी, घरी दोन पोरं शाळेतून सर्दी घेऊन आलेली. त्याने गावातूनच स्प्रे घेतला. संक्रांतीला तो आमच्याकडे तिळगूळ घ्यायला आला आणि रात्री मुक्कामाला राहिला. साडेअकराला मी पाणी प्यायला उठले, तर बेसिनवरचा दिवा लागलेला. आरशासमोर उभा राहून त्याने मान पार मागे टाकली होती, छताकडे बघत बाटलीचं टोक नाकात सरळ वर खुपसलेलं. एका नाकपुडीत दोनदा दाबलं, दुसरीत दोनदा, आणि मग जोरात सुर्रकन आत ओढलं. तोंड वाकडं झालं. मी म्हटलं, "कडू लागलं ना?" तो दचकला. म्हणाला, "नेहमीच लागतं गं ताई. घशात उतरतं तेव्हाच कळतं, काम झालं म्हणून."

त्या एका वाक्यात सगळं आलं होतं. घशात कडू लागलं म्हणजे काम झालं, असं त्याला वाटत होतं. खरं तर कडू लागलं म्हणजे औषध जिथे जायला हवं होतं तिथून निसटून पोटाच्या वाटेला लागलं.

मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि विचारत गेले. पहिली बाटली किती दिवस पुरली? दोन आठवडे. दुसरी? एक आठवडा. आता? चार-पाच दिवस. ही सहावी. मी सिलिंडरच्या पावतीच्या मागे आकडे मांडले. एका दाबात साधारण ०.१ मिली धरलं, तर दहा मिलीच्या बाटलीत शंभर फवारे. प्रौढ माणसाने ०.१ टक्क्याचं झायलोमेटाझोलिन घेतलं, तर एका वेळी एका नाकपुडीत एक फवारा, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा. म्हणजे दिवसाला सहा. तीन दिवसांचे अठरा, पाच दिवस धरले तरी तीस. नीट वापरलेल्या बाटलीत सर्दी बरी झाल्यावरही दोन-तृतीयांशाहून जास्त औषध उरायला हवं. माझ्या भावाचं गणित: प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे एका वेळी चार, दिवस-रात्र मिळून पाच-सहा वेळा. वीस ते चोवीस फवारे. एक बाटली खिशात, एक ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये आणि एक उशीखाली.

"सर्दी जातच नाही," तो म्हणाला. मी विचारलं, शिंका येतात? नाही. नाक गळतं? नाही. घसा, ताप, अंगदुखी? ते तर पहिल्या आठवड्यातच गेलं. डोळ्यांना, नाकाला खाज? नाही. मग सर्दीचं उरलंय काय? फक्त चोंदणं. तेही दोन्हीकडे, स्प्रे मारला की पाच मिनिटांत मोकळं होणारं आणि तीन तासांत पहिल्यापेक्षा घट्ट बंद होणारं. सुरुवातीला एका फवाऱ्यावर अख्खी रात्र निघायची.

ही सर्दी नव्हतीच. सर्दी कधीच गेली होती. आता नाक बंद होत होतं ते स्प्रेमुळे.

नाक चोंदलं की आपल्याला वाटतं, आत शेंबूड साठलाय. थोडा असतो, पण मुख्य अडसर तो नसतो. नाकाच्या आत बाहेरच्या भिंतीला, दोन्ही बाजूंना, पन्हाळीसारख्या वळलेल्या तीन-तीन घड्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. सगळ्यात खालची घडी मोठी असते आणि तिच्यावरचं अस्तर स्पंजासारखं, रक्ताने भरणाऱ्या बारीक पोकळ्यांचं असतं. सर्दीत हा स्पंज फुगतो आणि वाट अडवतो. म्हणूनच कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन हे औषध त्या रक्तवाहिन्या आवळतं. स्पंज पिळल्यासारखा बसतो, हवा सुटते. त्याचा परिणाम आठ-दहा तास, ऑक्सिमेटाझोलिनचा बारा तासांपर्यंतही टिकतो.

गडबड पुढे होते. रक्तवाहिन्यांवर ज्या जागी हे औषध बसून आवळण्याचा हुकूम देतं, त्या जागा रोजच्या हुकुमाला बधिर होत जातात. आधीचाच परिणाम मिळवायला जास्त औषध लागतं. आणि औषधाचा अंमल उतरला, की स्वतःहून आवळून राहायची सवय सुटलेल्या त्या वाहिन्या सैल पडून आधीपेक्षा जास्त भरतात. स्पंज पुन्हा फुगतो. माणूस पुन्हा दाबतो. याला वैद्यकात राइनायटिस मेडिकामेंटोझा असं लांबलचक नाव आहे. अर्थ एवढाच, की औषधाने झालेला नाकाचा दाह. कुणाचं हे चक्र चार-पाच दिवसांत सुरू होतं, कुणाचं दहा दिवसांनी. काही पाकिटांवर सात दिवसांची मर्यादा छापलेली असते. मी काउंटरवर तीन सांगते, फार तर पाच. ज्याचं नाक सहाव्या दिवशीही फक्त चोंदलेलंच आहे आणि बाकी सर्दी उतरली आहे, त्याने सातव्या दिवशी दाबायच्या आधी थांबावं, कारण आता तो कशावर औषध घेतोय हे त्यालाही सांगता येणार नाही.

आपल्याकडे अशा वेळी एक वाक्य ठरलेलं असतं: "नाकाचं हाड वाढलंय." भावालाही गावात दोघांनी तेच सांगितलं होतं, एकाने ऑपरेशनचा आकडाही सांगितला होता. पडदा वाकडा असू शकतो, कोंब असू शकतो, ॲलर्जी असू शकते, ते तपासायलाच हवं. पण महिनाभर स्प्रे मारलेलं नाक आतून लालभडक आणि सुजलेलं असतं. ही सूज उतरल्यावरच खाली खरं काय आहे ते नीट दिसतं.

मी हे सगळं सांगितलं, त्याने मान हलवली. पटलं नव्हतं. पटलं ते वेगळ्याच वाटेने.

मी त्याला विचारलं, "मणी फुगवायला जीए वापरतोस, पीपीएम अंदाजाने टाकतोस का?" तो हसला. जिबरेलिक ॲसिडची मात्रा चुकली तर घडाचं काय होतं, हे द्राक्षवाल्याला कुणी शिकवायला लागत नाही. त्याची बाग निर्यातीची आहे. तिथे प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि मात्रा वहीत लिहावीच लागते, आणि शेवटची फवारणी ते काढणी यांत किती दिवस सोडायचे हे औषधागणिक ठरलेलं असतं. वेलीवर चौथ्या दिवशी काय मारलं हे त्याला तोंडपाठ. स्वतःच्या नाकात पाच आठवडे काय मारलं, त्याची एक ओळ कुठे नव्हती. तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "नोझलपण चुकीचाच धरतोय का मी?"

चुकीचाच धरत होता. त्यालाच नाही, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की नाकात औषध घालायचं तर मान मागे टाकायची. हे आलं थेंबांच्या बाटलीवरून. ड्रॉपरने थेंब घालताना ते खरंच आहे: पलंगावर उताणं झोपायचं, खांद्याखाली उशी घेऊन डोकं मागे लोंबकळू द्यायचं, थेंब घातल्यावर एक-दोन मिनिटं तसंच पडून राहायचं. स्प्रे वेगळा. तो स्वतःच्या जोराने आत जातो, त्याला उतार लागत नाही. उभ्याने मान मागे टाकून स्प्रे मारला की नाकाच्या तळाची घसरगुंडी होते आणि औषध खालच्या घडीवर थांबण्याऐवजी सरळ घशात उतरतं. नाक अर्धंमुर्धंच सुटतं. मग माणूस दुसरा फवारा मारतो, आणि पुढच्या वेळी सुरुवातच दोनपासून करतो. माझ्या भावाचं असंच झालं होतं.

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि रिकाम्या हाताने करून दाखवलं. आधी नाक हलकेच शिंकरायचं, एक नाकपुडी मिटून दुसरी, दोन्ही एकदम दाबून नाही. नवी बाटली असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत काही वेळा दाबायची. मग डोकं सरळ, आणि हनुवटी किंचित खाली. मांडीवर पेपर ठेवून वाचताना असते तितकीच. डाव्या नाकपुडीसाठी बाटली उजव्या हातात, उजव्या नाकपुडीसाठी डाव्या. हात असा उलटा घेतला की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. टोक नाकात जेमतेम शिरलं की पुरे. ते मधल्या पडद्याकडे रोखायचं नाही, कारण पडद्याचं अस्तर पातळ असतं आणि रोज तिथेच फवारा बसला की कोरडं पडतं, खपली धरते, घोळणा फुटतो. दाबायचं एकदाच, आणि त्याच वेळी नाकाने हलका श्वास घ्यायचा, मोगरा हुंगतो तितका. सुर्रकन ओढायचं नाही. श्वास तोंडाने सोडायचा. मग दुसरी बाजू. पुढची काही मिनिटं शिंकरायचं नाही. टोक स्वच्छ रुमालाने पुसून झाकण लावायचं, आणि ती बाटली घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

बरोबर जमलं की नाही, याची खूण घसाच देतो. कडू लागलं नाही, तर औषध जागेवर बसलं.

दाबायच्या मऊ प्लास्टिकच्या बाटल्या मिळतात, त्यांच्याबद्दल एक सांगते. त्या उभ्या धरल्या तर फवारा देतात; उलट्या किंवा आडव्या केल्या की त्याच भोकातून धार लागते. मान मागे टाकून, बाटली उलटी करून जो दाबतो, त्याच्या नाकात एका दाबात किती औषध गेलं याचा हिशेबच राहत नाही.

भाऊ म्हणाला, "म्हणजे पानाच्या खालच्या बाजूला मारायचं तर गन खालून धरावी लागते, तसंच." मी म्हटलं, तसंच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे मी दुकानात बसून सोडवणार नव्हते, आणि त्याला एक कारण होतं. सकाळी मी त्याचा रक्तदाब मोजला होता. वरचा १५०, खालचा ९६. तो चाळिशीचा, आमच्या वडिलांना रक्तदाब होता, झोप पाच आठवडे मोडलेली. तेव्हा सगळा दोष स्प्रेवर टाकणं बरोबर नाही. पण नाकातल्या वाहिन्या आवळणारं औषध घशावाटे पोटात आणि तिथून रक्तात गेलं, तर ते नाकापुरतं राहत नाही. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड वाढलेलं असणं, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास यांपैकी काही असेल, किंवा नैराश्यासाठी काही जुन्या प्रकारच्या गोळ्या चालू असतील, तर हा स्प्रे तीन दिवसांसाठीही विचारूनच घ्यायचा. गरोदर बाईनेही.

आणि लहान मुलं. मोठ्यांची बाटली तान्ह्या बाळाच्या नाकात घालायची म्हणून मागणारी माणसं मला दर हिवाळ्यात भेटतात. मी देत नाही. या औषधाने बाळ सुस्त पडू शकतं, त्याचा श्वास मंदावू शकतो. बाळासाठी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब द्यावेत आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. याबाबतीत मी गिऱ्हाईक तुटलं तरी चालवून घेते.

डॉक्टरांनी नाकात पाहिलं. पडदा जरा डावीकडे झुकलेला, पण ऑपरेशनचं आत्ता काही नाही, म्हणाले. आधी स्प्रे सुटू दे. एकदम दोन्ही बाजू बंद केल्या तर माणूस दुसऱ्या रात्रीच परत बाटली शोधतो, म्हणून त्यांनी एक-एक बाजू सोडायला सांगितली. आधी उजवी. उजव्या नाकपुडीत जुना स्प्रे आजपासून कायमचा बंद; डावीत फक्त रात्री झोपताना एक. दोन्हीकडे रोज स्टेरॉइडचा स्प्रे. 'स्टेरॉइड' म्हटल्यावर भावाचा चेहरा उतरला. या स्प्रेचं काम वेगळं असतं: तो वाहिन्या आवळत नाही, सूज हळूहळू उतरवतो, त्याने उलटं चोंदत नाही आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो लांब मुदतीसाठीही घेता येतो. पण तो पाच मिनिटांत काही करत नाही. पूर्ण गुण दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. ज्याला पाच मिनिटांची सवय लागली आहे, त्याला वाटतं हे औषध कुचकामी, आणि तो चौथ्या दिवशी सोडतो. हे आधीच सांगून ठेवावं लागतं. बरोबर दिवसातून चार-पाचदा मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे, आणि झोपताना डोक्याखाली जास्तीची उशी. डोकं उंच असलं की त्या स्पंजात रक्त कमी साठतं.

त्याने बागेच्या वहीचं शेवटचं पान उलटं करून नाकाची वही केली. मी नंतर ती पाहिली. पहिली रात्र: "उजवी पूर्ण बंद. तोंडाने श्वास. दोनला उठलो." दुसरी: "तसंच. डोकं जड." तिसरीला नुसतं एक फुलीचं चिन्ह. चौथ्या दिवशी संध्याकाळी लिहिलंय, "चूल पेटल्याचा वास उजव्या बाजूने आला." सातव्याला: "उजवी बरी, रात्री अर्धी." दहाव्याला उजवी मोकळी झाली आणि त्याने डावीचा रात्रीचा फवाराही बंद केला. डावीने चारच रात्री त्रास दिला; तोवर स्टेरॉइडचा स्प्रे मुरला होता. साधारण दोन आठवड्यांत तो सुटला. पाच-सहा वर्षं स्प्रे मारणारी माणसंही मी पाहिलीत, त्यांना जास्त वेळ लागतो. काहींना डॉक्टर थोडे दिवस इतर औषधंही देतात. रक्तदाबाचं वेगळं चालू आहे. तो झोप सुधारल्यावर थोडा उतरला, पण पूर्ण नाही, आणि त्याची गोळी सुरू झाली.

त्या हिवाळ्यापासून मी बाटली देताना खोक्यावर बॉलपेनने दोन तारखा लिहिते: आजची आणि थांबायची. ८ जानेवारीला घेतली तर "८ ते १०". मग खुर्चीवर न बसता, उभ्या उभ्याच, हनुवटी खाली करून दाखवते. प्रत्येक बाटलीमागे अर्धा मिनिट जास्त जातो. मागे रांग असते. उरलेल्या औषधाचं काय, असं लोक विचारतात, कारण अर्ध्याहून जास्त बाटली टाकून द्यायची हे आपल्या हाताला जमत नाही. मी सांगते, एकदा उघडली की पाकिटावर दिलेल्या मुदतीनंतर, साधारण महिन्याने, टाकाच. ती कपाटात राहिली की पुढच्या चोंदलेल्या रात्री तीच सापडते.

एक गोष्ट मात्र भावाला मला नंतरही समजावावी लागली. स्प्रे सुटल्यावर महिनाभराने, काढणीच्या ऐन धामधुमीत, रात्री अकराला त्याचा फोन आला. आवाज घाबरलेला. "ताई, परत सुरू झालं. डावी बंद आहे." मी विचारलं, उजवी? उजवी मोकळी. मग मी त्याला सांगितलं, की निरोगी नाकातही दोन्ही बाजू एकसारख्या उघड्या नसतात. एका बाजूचा स्पंज थोडा भरतो, दुसरीचा बसतो, आणि काही तासांनी अदलाबदल होते. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये हे नोंदवून ठेवलं. आपल्याकडे योग करणारे चंद्रनाडी-सूर्यनाडी म्हणून ते केव्हापासून सांगत आलेत. कुशीवर झोपलं की खालची बाजू आणखी भरते. एरवी आपल्याला याचा पत्ताही नसतो. पण ज्याने पाच आठवडे नाकावर पहारा दिलाय, त्याला प्रत्येक फेरा जाणवतो, आणि कित्येक जण ही साधी पाळी मोडण्यासाठीच पुन्हा बाटली उचलतात.

"कुठल्या कुशीवर झोपलायस?" मी विचारलं.

"डाव्या."

"उजव्या कुशीवर हो. आणि काही मारू नकोस. फिरेल ती."

सकाळी सहाला मोबाइलवर त्याचा एक शब्दाचा निरोप होता. क्रेट भरायला बागेत गेला असणार, पाठीमागे मजुरांच्या गलक्यात टाइप केलेला. "फिरली."